लग्न त्यांचं, नमुना फोटोग्राफरचा

लग्नाचे फोटो काढणाऱ्याला गिऱ्हाइकाला दाखवायला माल एकच असतो, तो म्हणजे दुसऱ्यांची लग्नं. पूर्वी गावातल्या स्टुडिओच्या काचेआड दोन-चार जोडपी वर्षानुवर्षं हसत उभी असायची. त्यांची मुलं शाळेत जायला लागली तरी फोटो तिथेच, उन्हानं निळसर पडलेला. पण त्या काचेसमोरून जाणारे लोक बहुतेक ओळखीचेच असत. आता तेच काम इन्स्टाग्रामवरची आठ-दहा फोटोंची पोस्ट करते. ती कोण पाहतंय आणि कशासाठी, हे ना फोटोग्राफरला कळतं ना जोडप्याला.

‘फोटो मी काढला, म्हणजे तो माझा,’ असं बरेच फोटोग्राफर धरून चालतात. आपला कायदा वेगळं सांगतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमानुसार, कोणी पैसे देऊन फोटो किंवा फिल्म करून घेतली आणि वेगळा करार केलेला नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक ते काम सांगणारा माणूस असतो. फोटोग्राफर त्या फोटोचा कर्ता राहतो, पण तो प्रसिद्ध करायला त्याला मालकाची लेखी परवानगी लागते. त्या परवानगीत मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. ब्रिटनच्या १९८८च्या कायद्यात कॉपीराइट फोटोग्राफरकडेच राहतो, मात्र घरगुती कारणासाठी काढून घेतलेला फोटो लोकांसमोर येऊ न देण्याचा हक्क काम देणाऱ्याला आहे. फोटोग्राफर मंडळी करारनामे इंटरनेटवरून उचलतात ते बहुधा परदेशी असतात आणि त्यात ‘सर्व हक्क फोटोग्राफरकडे’ असं वाक्य असतं. गिऱ्हाइकानं सही केली तर ते चालतंही. पण आपल्याकडची कितीतरी बुकिंगं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला दर आणि पाठोपाठ आलेला अ‍ॅडव्हान्स एवढ्यावरच होतात. तिथे सही नसते, म्हणून हक्कही नसतो.

यात एक खास आपल्याकडचा गुंता आहे. काम सांगणारा बहुतेक वेळा मुलीचा बाप किंवा मुलाचा मोठा भाऊ असतो, आणि कित्येक लग्नांत दोन्हीकडचे फोटोग्राफर वेगळे असतात. म्हणजे कागदोपत्री मालक वडील, आणि फोटोत चेहरा मुलीचा. वडिलांनी ‘टाका की, त्यात काय’ म्हटलं, तर कॉपीराइटचा प्रश्न सुटेल. मुलीचा सुटत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं, आणि तो हक्क ज्याच्या त्याच्यापाशी असतो. टप्प्याटप्प्यानं लागू होत असलेल्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातली संमतीची कल्पनाही अशीच आहे : ती मोकळेपणानं दिलेली हवी, नेमक्या कारणासाठी हवी, आणि देताना जितकी सोपी तितकीच मागे घेतानाही सोपी हवी. म्हणून वधू आणि वर या दोघांना वेगवेगळं विचारायचं.

कधी विचारायचं, यावर मला दोनदा विचारणारे फोटोग्राफर शहाणे वाटतात. बुकिंगच्या वेळी फक्त एवढंच : कामाचा नमुना म्हणून काही फोटो दाखवलेले चालतील का? तिथे तीन पर्याय ठेवता येतात. फक्त दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला दाखवायचे, नावगाव न देता इंटरनेटवर टाकायचे, किंवा नावासकट टाकायचे. काहीही निवडलं तरी दर तोच राहायला हवा. ‘परवानगी दिलीत तर सूट’ असा व्यवहार काही जण करतात. तो बेकायदा आहे असं मी म्हणत नाही, पण सूट घेतलेल्या माणसाला पुढे ‘आता फोटो काढून टाका’ म्हणताना अवघड जातं. दुसऱ्यांदा विचारायचं ते फोटो हातात दिल्यावर. लग्नाआधी दिलेला होकार आंधळा असतो, कारण फोटोच अजून जन्मलेले नसतात. त्यामुळे जे दहा टाकायचे तेच दहा, खालच्या मजकुरासकट, दोघांना पाठवायचे. निरोप साधा असावा : ‘हे दहा फोटो आमच्या इन्स्टाग्रामवर आणि वेबसाइटवर दोन वर्षं ठेवायचा विचार आहे. नावं, तारीख, ठिकाण देणार नाही. नको असतील त्यांचे नंबर कळवा. नंतर कधीही काढायला सांगितलंत तरी कारण विचारणार नाही.’ उत्तर आलं नाही तर तो नकार समजायचा.

निवड प्रत्यक्षात कशी होते, ते एका काल्पनिक लग्नावरून पाहू. कऱ्हाडचं मंगल कार्यालय, आदल्या दिवशी घरच्या अंगणात हळद, हातात नऊशे फोटो.

पहिला फोटो अंतरपाटाचा. नमुन्यासाठी याच्याइतकं सोयीचं चित्र नाही. दोघांच्या मध्ये पाट, वर फक्त मुंडावळ्या, हातात हार, आणि मंगलाष्टकं संपता संपता हवेत उडालेल्या अक्षता. फोटोग्राफरला क्षण नेमका पकडता येतो का, कार्यालयातल्या पिवळ्या दिव्यांत आणि स्टेजच्या जांभळ्या एलईडीत त्वचेचा रंग सांभाळता येतो का, हे पुढच्या गिऱ्हाइकाला इथेच दिसतं. अडचण मागच्या रांगेची आहे. मामाच्या खांद्यावर बसलेलं पोर थेट कॅमेऱ्यात बघतंय. त्याच्या आईबापांना विचारा, नाहीतर त्याच्या आगचीमागची, मोठ्या अ‍ॅपर्चरवर घेतलेली फ्रेम उचला. तिच्यात मागचे सगळे धूसर झालेले असतात.

दुसरा हळदीचा. नवरी खळखळून हसतेय, तिला फोटो आवडलाय, तिचा होकार आहे. पण शेजारी भिजलेल्या साडीतली मावशी आहे, आणि तिला कोणी विचारलेलं नाही. घरच्या अंगणात कॅमेरा चालला म्हणून सगळ्या जगापुढे चालेल असं नाही. हा बाजूला. त्याऐवजी हळदीत बुडवलेली आंब्याची पानं आणि ती लावणारे हात. हाच न्याय नवरी तयार होतानाच्या फोटोंना. ज्या खोलीचं दार इतरांना बंद होतं, तिथे फोटोग्राफरला आत घेतलं ते विश्वासानं. तिथले फोटो पुढे करण्याआधी तिला एकटीला विचारावं, सासरची माणसं असलेल्या ग्रुपवर नव्हे.

तिसरा पाठवणीचा. सगळ्या संचातला बहुधा सर्वांत ताकदीचा फोटो, कारण मुलीला निरोप देताना बाप हुंदके देतोय. मुलगी म्हणते, टाका. पण रडणारी ती एकटी नाही. समजा वडील म्हणाले, ‘मला नको.’ तर तो फोटो गेला. चेहऱ्यावर धूसर पट्टी मारून तो वाचवता येत नाही. नातेवाईक माणूस फेट्यावरून, चालीवरून, शेजारच्या साडीवरून ओळखतात. शिवाय धूसर चेहरा पाहणाऱ्याला उगाच संशय येतो की इथे काय झालं असेल. त्या जागी मुलीच्या हातातून सुटणारा बापाचा हात येऊ शकतो, तोही वडिलांना दाखवून.

चौथा एकदम निरुपद्रवी दिसतो : पाटावर मांडलेलं मंगळसूत्र, जोडवी, फुलं आणि लग्नपत्रिका. माणूस एकही नाही. पण पत्रिका वाचा. दोन्ही घरांचे पत्ते, चार मोबाइल नंबर, लग्नाची तारीख, आणि शेजारी सोनं. दारावरचा नावांचा फलक, सजवलेल्या गाडीची नंबरप्लेट, मेंदीत लपवलेलं नवऱ्याचं नाव, ही सगळी याच जातीची गळती. चेहरा तपासताना यांच्याकडे लक्ष जात नाही, म्हणून प्रत्येक फोटो दोनशे टक्के मोठा करून एकदा फक्त अक्षरं शोधत फिरावं. आणि लग्न चालू असताना, ठिकाणासकट, कुटुंबाचं घर कुलूपबंद असण्याच्या वेळी पोस्ट टाकू नये. तीन-चार आठवडे थांबल्यानं नमुना शिळा होत नाही.

डोळ्यांना न दिसणारी गळती फाइलच्या आत असते. फोटोच्या फाइलमध्ये तारीख, कॅमेरा आणि कधी कधी ठिकाणाचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असतात. बऱ्याच मोठ्या कॅमेऱ्यांत जीपीएस नसतं, पण ते मोबाइलच्या अ‍ॅपशी जोडले की ठिकाण लिहिलं जाऊ शकतं. ड्रोन तर ते सहसा लिहितोच. म्हणजे अंगणातल्या हळदीचा आकाशातून घेतलेला फोटो त्या घराचा नेमका पत्ता सोबत घेऊन फिरतो. इन्स्टाग्राम पाहणाऱ्यापर्यंत ही नोंद जाऊ देत नाही. स्वतःच्या वेबसाइटवर किंवा ड्राइव्हच्या लिंकवर टाकलेल्या मूळ फाइलमध्ये मात्र ती तशीच राहू शकते. लाइटरूममधून फाइल बाहेर काढताना Remove Location Info वर खूण करायची, आणि मग विंडोजमध्ये फाइलच्या Properties मधलं Details उघडून GPS चं रकानं उरलं नाही ना, ते पाहायचं. फाइलला जोडप्याची नावं देण्याची सवयही सोडावी. साधा क्रमांक द्यावा, आणि तो क्रमांक कुणाचा, होकार कोणी, कधी, कशापुरता दिला, हे वेगळ्या वहीत लिहावं.

ती वही पुढे फार उपयोगी पडते. दोन वर्षांनी मुलीचा निरोप येतो : आम्ही वेगळे झालो, फोटो काढा. फोटोग्राफर पोस्ट उडवतो आणि काम झालं असं समजतो. पण तेच फोटो मेकअप करणारीच्या पानावर आहेत, डेकोरेशनवाल्याच्या जाहिरातीत आहेत, रोजंदारीवर बोलावलेल्या दुसऱ्या कॅमेरामननं स्वतःचं काम म्हणून टाकलेत, आणि अल्बम छापणाऱ्यानं त्याची जादा प्रत नमुना म्हणून काउंटरवर ठेवलीय. फोटो कुणाकुणाला दिले याची नोंद असेल तरच त्या प्रत्येकाला सांगता येतं. देतानाच ‘आम्हाला विचारल्याशिवाय कुठेही टाकायचे नाहीत’ हे लेखी घेतलेलं असेल, तर ऐकतातही. कुणा परक्यानं उतरवून घेतलेली प्रत मात्र परत येत नाही. हे जोडप्याला होकार घेतानाच सांगायला हवं; ‘कधीही काढू’ या वचनाची हद्द तिथे संपते.

आणि दोघांनी सरळ नाही म्हटलं तर? नवा फोटोग्राफर इथे घाबरतो, कारण त्याच्याकडे दाखवायला दोनच लग्नं असतात. मग काही जण मॉडेल घेऊन, भाड्याची नऊवारी आणि फेटा आणून खोटं लग्न उभं करतात. धंद्यात त्याला कन्सेप्ट शूट म्हणतात. त्यात वाईट काही नाही, पण खाली तसं लिहावं लागतं. सकाळच्या कोवळ्या उन्हात निवांत काढलेले ते दहा फोटो पाहून गिऱ्हाईक येतं, आणि त्याचा मुहूर्त असतो दुपारी साडेबाराचा, सहाशे पाहुण्यांत, पत्र्याच्या मांडवाखाली. त्यापेक्षा नमुना पाहायला आलेल्यानंच विचारावं : एखाद्या लग्नाचा पहिल्यापासून शेवटपर्यंतचा पूर्ण अल्बम इथे दुकानात बसून पाहायला मिळेल का, आणि तो दाखवायला त्या घरानं हो म्हटलंय का?