आधी भिंत तापते, मग रोटी

हॉटेलात तंदुरी रोटी मागवली की पाच-सात मिनिटांत ती ताटात येते. भाजायला तर तिला जेमतेम मिनिट-दीड मिनिट लागते. पण त्या रोटीची तयारी दीड तास आधीच सुरू झालेली असते. तंदूर म्हणजे मातीचा जाड रांजण, पोटात रुंद आणि तोंडाशी निमुळता. तो पत्र्याच्या किंवा स्टीलच्या पेटीत बसवतात आणि मधल्या पोकळीत उष्णता बाहेर जाऊ न देणारे भरण घालतात. तळाशी बाजूला एक लहान झरोका असतो. हवा तिथून आत जाते आणि राखही तिथूनच काढतात. रोटी भाजते ती थेट विस्तवावर नाही, या रांजणाच्या तापलेल्या भिंतीवर. म्हणून तंदूर चालवणाऱ्या उस्तादाचे खरे काम आच सांभाळण्यापेक्षा भिंत सांभाळण्याचे असते.

कोळशाच्या तंदूरला लाकडी कोळसाच हवा, तोही बाभळीसारख्या टणक लाकडाचा. दगडी कोळशाचा धूर आणि गंधकाचा वास अन्नाला लागतो. तुकडे साधारण मुठीएवढे घ्यावेत. चुरा टाकला तर हवा अडते, कोळसा धुमसत राहतो आणि धूर होतो. मध्यम तंदूरला सुरुवातीला चार-पाच किलो कोळसा लागतो. तो पेटवताना वरचे तोंड आणि खालचा झरोका दोन्ही उघडे ठेवतात. पहिल्या अर्ध्या तासात आतली भिंत काजळीने काळीकुट्ट होते. नवख्याला वाटते, आता तापला. पण भिंत आणखी तापली की तीच काजळी जळून जाते आणि मातीचा मूळ फिकट रंग पुन्हा दिसू लागतो. भिंत अशी उजळली की तंदूर तयार झाला. मग निखारे तळावर सारखे पसरून त्यांच्यावर राखेचा पातळ थर देतात. त्याने आच मंद आणि एकसारखी राहते.

पुढचे नियंत्रण दोनच जागी आहे, खालचा झरोका आणि वरचे झाकण. झरोका उघडला की निखारे फुलतात, अर्धा मिटला की निवतात. झाकण ठेवले की भिंतीतली उष्णता आतच राहते. खरी अडचण आहे ती मातीच्या सावकाशपणाची. माती हळू तापते आणि हळूच निवते. गर्दीच्या वेळी एकामागून एक ओल्या कणकेच्या रोट्या लागल्या की भिंत थंड पडते, रोटी नीट चिकटत नाही आणि घसरून राखेत पडते. अशा वेळी घाबरून आच एकदम वाढवली, तर तिचा परिणाम दहा-पंधरा मिनिटांनी दिसतो. तोवर गर्दी ओसरलेली असते आणि रोटीची पाठ करपून पोट कच्चे राहू लागते. जाणता उस्ताद म्हणून गर्दी होण्याआधीच कोळसा घालतो. एकाच जागी लागोपाठ रोटी न लावता तो जागा फिरवत राहतो, म्हणजे भिंतीच्या प्रत्येक भागाला पुन्हा तापायला उसंत मिळते. भिंत फारच तापली तर तो मिठाच्या पाण्याचा हलका शिपका मारतो. त्याने पृष्ठभाग थोडा निवतो आणि रोटीही चांगली धरते. शिपका म्हणजे हाताने उडवलेले थेंब. तांब्याभर पाणी ओतले तर भिंतीला तडा जायचाच.

मुंबईत आता इंधनाचा प्रश्न केवळ चवीचा उरलेला नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महापालिकेने २०२५ च्या फेब्रुवारीत कोळशाचे तंदूर वापरणाऱ्या हॉटेलांना नोटिसा दिल्या आणि गॅस किंवा विजेकडे वळायला ८ जुलैपर्यंत मुदत दिली. यावर ‘चव गेली’ अशी हळहळ पुष्कळ झाली. ती मला अर्धीच पटते. तंदुरी चिकनला जो धुरकट वास येतो, त्यातला बराचसा वाटा निखाऱ्यांवर ठिबकणाऱ्या चरबीचा आणि मसाल्याच्या रसाचा असतो. गॅसच्या तंदूरमध्ये हे थेंब बर्नरवरच्या तापलेल्या लोखंडी ताटलीवर पडतात आणि तिथेही त्यांचा धूर होतो. मात्र गॅस जळताना वाफही तयार होते, त्यामुळे कोळशाची ती कोरडी आच तिथे मिळत नाही. आणखी एक पथ्य पाळावेच लागते. बर्नर पेटवताना झाकण नेहमी काढलेले असावे. साठलेल्या गॅसचा भडका थेट तोंडावर येतो.

आता रात्री साडेआठची एक ऑर्डर घेऊ. हाफ तंदुरी चिकन आणि चार रोट्या. चिकन सळईवर आधीच चढलेले असते. सळई चौकोनी घेतात, कारण गोल सळईवर तुकडा स्वतःभोवती फिरतो आणि एकच बाजू भाजत राहते. दोन तुकड्यांमध्ये बोटभर अंतर असते आणि खालच्या टोकाला वितीएवढी जागा मोकळी असते. त्या जागेच्या वर कांद्याचा किंवा बटाट्याचा तुकडा खोचतात, म्हणजे चिकन घसरून निखाऱ्यात जात नाही. सळई उभी सोडून तिचे वरचे टोक तंदूरच्या काठाला टेकवतात. पहिला डाव दहा-बारा मिनिटांचा असतो आणि तो गर्दीआधीच उरकलेला असतो. मग सळई बाहेर काढून टांगून ठेवतात. जास्तीचा रस गळतो आणि बाहेरची उष्णता हाडापर्यंत पोचते. ऑर्डर आली की लोणी लावून सळई पुन्हा चार-पाच मिनिटे आत जाते. चिकन बाहेर आले की लगेच भिंतीवर रोट्या लागतात. चिकन कापून ताटलीत मांडेपर्यंत रोट्या तयार होतात आणि दोन्ही गोष्टी गरम वाढता येतात.

रोटी लावायला कापडी गादी असते. काढायला ‘जोडी’ असते, म्हणजे दोन लांब सळ्या, एकीला आकडा आणि दुसरीला चपटे पाते. पात्याने कड सोडवायची आणि आकड्याने उचलायची. सळई धरायचे फडके मात्र कोरडेच हवे. ओल्या फडक्यात क्षणात वाफ होते आणि तळहात भाजतो. पनीरच्या आणि मांसाच्या सळ्या वेगळ्या ठेवण्याबद्दल तडजोड नसावी. रात्री सळ्या गरम साबणपाण्यात भिजवून तारेच्या घासणीने करपलेला थर काढतात, पुसून कोरड्या करतात आणि तेलाचा हात फिरवतात. नाहीतर सकाळी त्यांना गंज दिसतो.

शेवटची रोटी निघाली की झाकण ठेवून झरोका बंद करतात. हवा तुटली की निखारे विझतात आणि उरलेला कोळसा दुसऱ्या दिवशी उपयोगी पडतो. राख सकाळी, ती पूर्ण थंड झाल्यावरच, लोखंडी डब्यात काढावी. वरून गार दिसणाऱ्या राखेत धग असते, आणि अशा राखेने प्लास्टिकच्या कचरापेट्या पेटल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. भिंतीला चिकटलेले रोटीचे तुकडे पात्याने खरवडतात आणि काठीला गुंडाळलेल्या पिळलेल्या ओल्या फडक्याने आतून एक हात फिरवतात. हे भिंत जेमतेम कोमट असतानाच करायचे. साबण तर अजिबात नको, कारण माती तो शोषून घेते. रोज भिंतीकडे बघायचे ते तड्यांसाठी. केसासारख्या बारीक रेषा पडणारच, त्यांची चिंता नको. पण बाहेरची पेटी एकाच जागी जास्त तापू लागली किंवा रोटीच्या पाठीला मातीचे कण दिसू लागले, तर तडा खोल गेला आहे. वरवर लिंपलेली माती मग फार दिवस टिकत नाही आणि आतला रांजण बदलावा लागतो.

पुढच्या वेळी हॉटेलात रोटी आली की ती उलटून पाहा. पाठीवर सगळीकडे तपकिरी ठिपके असतील तर तंदूर चांगल्या हातात आहे. पाठ पांढरी आणि वातड असेल, किंवा काळी पडून आतून कच्ची असेल, तर कणकेला दोष देऊ नका. भिंत बिघडली आहे, आणि रोटी परत पाठवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.