दोन कवचांचा घुमट

इंदूरकरांना मांडू नवे नाही. तेथील होशंगशाहच्या 15व्या शतकातील संगमरवरी कबरीच्या दारावर 1659 सालचा एक लेख आहे. शाहजहानच्या पदरचे काही स्थपती ही वास्तू पाहण्यास आल्याची नोंद त्यात आहे. ताजमहालाचे स्थपती उस्ताद अहमद लाहोरी यांचे पुत्र लुत्फुल्ला हे त्यांपैकी एक. मांडूचा घुमट बसका, तर ताजचा उत्तुंग. या फरकामागे एक जुनी अडचण आहे.

दूरवरून दिसावा म्हणून घुमट उंच हवा. पण तोच आतून पाहिला तर डोक्यावर अंधारी विहीर उलटी टांगल्यासारखे वाटते. यावर इराण व मध्य आशियातील कारागिरांनी दोन घुमट बांधण्याचा उपाय योजला. दिल्लीतील हुमायूनच्या कबरीने तो हिंदुस्थानात मोठ्या प्रमाणावर रूढ केला आणि ताजमध्ये तो पूर्णत्वास गेला. ताजच्या दालनात मान वर केली की सुमारे 25 मीटरवर छत दिसते. बाहेरचा कळस मात्र जमिनीपासून सुमारे 73 मीटरवर आहे. मधली बरीचशी जागा म्हणजे एक बंद, रिकामे दालन.

रचनेचा क्रम असा. प्रथम दालनाचे कोपरे कमानींनी भरून काढून वर्तुळ साधायचे व त्यावर आतला घुमट बसवायचा. मग त्याच्याभोवती जाड, गोल भिंत वर चढवायची. तिला घुमटाची मान म्हणता येईल. बाहेरचा घुमट या मानेवर उभा राहतो, आतल्या घुमटावर नव्हे. विटांचे एकेक कडे चुन्यात पूर्ण झाले की ते स्वतःला धरून ठेवते आणि वरचे कडे त्यावर रचता येते. आपल्या कवटीच्या हाडालाही दोन पदर असतात. पण तेथे मधल्या सच्छिद्र हाडाने ते जोडलेले असतात. येथे दोन्ही कवचे सुटी आहेत.

घुमटाचा वरचा भाग दाबला जातो, तर खालचा बाहेर फाकू पाहतो. म्हणून बुडाशी जाडी व वजन अधिक ठेवतात. ते अपुरे पडले, तर बुडापासून वर चढणाऱ्या उभ्या भेगा पडतात.

पोकळीचा एक तोटाही आहे. बाहेरच्या कवचातून पाणी झिरपले, तरी आतले छत बराच काळ कोरडे दिसू शकते. छतावर डाग उमटेपर्यंत वर चुना सुटलेला असू शकतो. 1652 साली औरंगजेबाने पित्यास लिहिलेल्या पत्रात, पावसाळ्यात ताजचा मोठा घुमट उत्तरेकडे दोन ठिकाणी गळाल्याचे कळवले आहे. इतर छतांवर उपाय सापडला. मोठ्या घुमटापुढे मात्र कारागिरांनी हात टेकले, असेही तो लिहितो. वास्तू तेव्हा जेमतेम उभी राहिली होती.

म्हणूनच अशा घुमटाची तपासणी खालून छत पाहून पुरी होत नाही. दिवा घेऊन पोकळीत चढावे लागते. वरून निरोगी दिसणाऱ्या रुग्णाबाबत आपणही हेच करतो.