गाडीला बाहेरून लाइट बसवताय? वायर कापण्याआधी हे वाचा. वॉरंटी आणि विम्याचा क्लेम कुठे अडतो?

नाशिक : टोमॅटो, कांद्याचा माल घेऊन पहाटे पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला निघायचे म्हणजे अंधारात गाडी चालवावीच लागते. त्यामुळे नवी पिकअप घरी आली, की पहिल्या आठवड्यातच जास्त उजेडाचे बल्ब, एलईडी पट्टी आणि मोठा हॉर्न बसतो. कंपनीच्या ॲक्सेसरीपेक्षा दुकानातला माल स्वस्त पडतो. पण खरा प्रश्न वस्तू कोणाची हा नसून ती बसवली कशी आणि तिची नोंद कुठे आहे, हा आहे.

बल्ब बदलला तर बिघडते काय?

बऱ्याच पिकअपच्या हेडलाइटला 60/55 वॅटचा बल्ब असतो. म्हणजे अप्परला 60 आणि डिपरला 55 वॅट. वायर, होल्डर, स्विच आणि फ्यूज त्याच हिशोबाने दिलेले असतात. 12 व्होल्टवर 55 वॅटचे दोन बल्ब मिळून साधारण 9 अँपिअर करंट ओढतात. त्याजागी 100/90 वॅटचे बल्ब टाकले, तर डिपरलाच 15 अँपिअर लागतात. वायर मात्र तीच राहते. ती तापते, होल्डरचे प्लास्टिक वितळते आणि फ्यूज सारखा उडू लागतो. मग कोणीतरी मोठा फ्यूज टाकून देतो आणि आगीची सोय होते.

लाइट लावल्यावर अर्ध्या तासाने जळका वास येणे, होल्डर पिवळा-तपकिरी पडणे, उजेड कमी-जास्त होणे ही त्याची लक्षणे. अशा बल्बच्या पाकिटावर अनेकदा 'ऑफ रोड' वापरासाठी असे बारीक अक्षरात छापलेले असते. म्हणजे ते रस्त्यावर चालवायचे नाहीत.

वॉरंटी सगळी जाते का?

समजा, निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची पिकअप सव्वा वर्षाची आहे. त्याने वायर कापून, टेप गुंडाळून एलईडी पट्टी जोडली. पुढे लाइटचा स्विच जळाला. सर्व्हिस सेंटरला कापलेली वायर दिसली, की स्विच आणि वायरिंगची वॉरंटी नाकारली जाणार. पण त्याच गाडीच्या गिअरबॉक्समधून ऑइल गळत असेल, तर त्याचा लाइटशी संबंध नाही. तो दावा मागायलाच हवा. 'तुमची सगळी वॉरंटी संपली' असे कोणी तोंडी सांगितले, तर कारण जॉब कार्डवर लेखी घ्यावे आणि वॉरंटी बुकलेटमधील अट दाखवायला सांगावी.

विम्याचा हिशोब वेगळा

नुसता स्विच जळाला, तर विम्यातून काही मिळत नाही. विजेचा किंवा यांत्रिक बिघाड पॉलिसीत धरलेला नसतो. वायरिंगमधून आग लागून गाडी जळाली, तर पूर्ण विमा असेल तर आगीचे नुकसान त्यात बसते. मात्र सर्व्हेअर आग कुठून सुरू झाली ते पाहतो. सुरुवात जोडलेल्या वायरीपासून दिसली, तर क्लेम नाकारण्याला किंवा रक्कम कापण्याला कारण मिळते. मागून ट्रकने ठोकले असेल, तर एलईडी पट्टीचा त्या नुकसानीशी काय संबंध, असे विमा कंपनीला जरूर विचारावे.

आणखी एक बाब. बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रिक वस्तू पॉलिसीत वेगळ्या नोंदवाव्या लागतात. त्यासाठी किमतीच्या साधारण 4 टक्के जादा हप्ता पडतो. 6 हजारांच्या सेटला वर्षाला सुमारे 240 रुपये, वर जीएसटी. नोंद नसेल, तर त्या वस्तूचे पैसे मिळत नाहीत. मात्र नियमात न बसणारा बल्ब नोंद केल्याने कायदेशीर होत नाही.

सीएनजी किट असेल तर

इथे नुसती विम्याची नोंद पुरत नाही. मान्यताप्राप्त किट अधिकृत सेंटरवरच बसवून त्याची नोंद आरटीओकडून आरसीवर आणि नंतर पॉलिसीवर करून घ्यावी. सिलिंडरची दर 3 वर्षांनी चाचणी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीची मूळ रचना परस्पर बदलता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी 2019 मध्ये हेच सांगितले. बेकायदा बदलाला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

मग बसवायचे कसे?

कंपनीची ॲक्सेसरी डीलरकडेच बसवली आणि पक्के बिल घेतले, तर वॉरंटीचा वाद सहसा येत नाही. बाहेरची घ्यायची असेल, तर बल्ब मूळ वॅटचाच घ्यावा. हॉर्नसारख्या वस्तूला रिले आणि वेगळा फ्यूज असलेली, कपलरने जुळणारी तयार वायरिंग मागावी. मूळ वायर कापू देऊ नये. बसवण्याआधीचे आणि नंतरचे फोटो मोबाइलमध्ये ठेवावेत.

क्लेम नाकारला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तिथे न्याय मिळाला नाही, तर पुण्यातील विमा लोकपाल किंवा नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन्हीकडे पहिल्यांदा बिल, आरसी आणि नकाराचे पत्रच मागतात.