हील काढल्यावर पोटऱ्या का दुखतात?

वर्षानुवर्षं रोज तीन इंची हील घालून नोकरीला जाणाऱ्या बाईची तक्रार पुष्कळदा उलटीच असते. हील घालून ती झपझप चालते. दुखतं ते घरी आल्यावर, फरशीवर अनवाणी वावरताना. पोटऱ्या ओढल्यासारख्या होतात, टाचेच्या मागची शीर ताणते. कुणाच्या सांगण्यावरून ती एकदम सपाट चपला घ्यायला लागते, आठ दिवसांत कंटाळते आणि म्हणते, "मला फ्लॅट सोसतच नाही." तिचं म्हणणं खरं असतं.

ते का खरं, हे 2010 मध्ये मार्को नारिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. किमान 5 सेंटिमीटरची हील दोन वर्षांहून अधिक काळ जवळजवळ रोज वापरणाऱ्या आणि सपाट चपलेत त्रास होणाऱ्या बायका त्यांनी निवडल्या. शेजारी हील न घालणाऱ्या बायकांचा गट ठेवला. हीलवाल्यांची पोटरी लहान झाली असेल असा अंदाज होता, पण एमआरआयमध्ये स्नायूंचा आकार सारखाच निघाला. फरक सोनोग्राफीत दिसला. पोटरीच्या स्नायूतले तंतू सुमारे 13 टक्के आखूड होते. शिवाय पोटरीला टाचेशी जोडणारी अकिलीस कंडरा जाड आणि ताठर झाली होती. दोन्ही गट मिळून जेमतेम वीस बायका होत्या, त्यामुळे आकड्याला फार चिकटून बसू नये. कारण मात्र पटण्यासारखं आहे.

टाच उंच राहिली की पोटरी दिवसभर आखडलेल्या स्थितीत काम करते. शरीर काटकसरी असतं. न लागणारी लांबी ते ठेवत नाही. आखूड तंतूंनिशी चालायला जोर मिळावा म्हणून कंडरा ताठ होते. हीलमध्ये हे सगळं छान जमतं. टाच जमिनीवर आली की स्नायूला लांबायचं असतं, कंडरा मात्र ढिली पडत नाही.

आपल्याकडे याची परीक्षा सोपी आहे: उकिडवं बसून पाहा. टाचा जमिनीला टेकत नसतील, तर घोटा पुरेसा वाकत नसण्याची शक्यता आहे. नेमकं पाहायचं तर भिंतीसमोर उभं राहा, अंगठा भिंतीपासून 10 सेंटिमीटरवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. लागला, तर सहसा काळजी नाही.

पायाचं दुखणं दिसतं तरी. वजन चवड्यावर येतं आणि टोकदार जोडा बोटं दाबतो. त्यातून कुरुपं होतात, अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर येतं, तिसऱ्या-चौथ्या बोटांमध्ये जळजळ होते. गुडघ्याचं तसं नाही. केसी केरिगन यांनी 1998 मध्ये वीस स्त्रियांची चाल मोजली. अनवाणी चालण्याच्या तुलनेत हीलमध्ये गुडघ्याला आतल्या बाजूने पडणारा पीळ 23 टक्क्यांनी वाढलेला दिसला. पुढे त्यांनी जाड, रुंद टाचा तपासल्या, तिथेही तो 26 टक्क्यांनी वाढला होता. म्हणजे ब्लॉक हीलने पाय लचकण्याची भीती कमी होते, गुडघ्याला मात्र सवलत मिळत नाही. अर्थात हा मोजलेला ताण आहे. हीलमुळे गुडघे झिजतातच असं यावरून सिद्ध होत नाही. वाढलेलं वजन हे त्याचं कितीतरी पक्कं कारण आहे.

मग तडजोड कशी करायची? एका झटक्यात नाही. 8 सेंटिमीटरची सवय असेल तर आधी 6 वर या, तीन-चार आठवडे थांबा, मग 4, मग 2. मोजताना पुढचा तळही धरा: मागे 8 आणि पुढे 3 असेल, तर पायाला उतार 5 चाच पडतो. लोकलची धावपळ आणि जिने सपाट बुटांत उरकावेत, हील पिशवीत न्यावी. खुर्चीत बसून घातलेली हील फारसं बिघडवत नाही. लग्नात एका संध्याकाळी घालण्याबद्दल तर मी अवाक्षरही काढणार नाही.

सोबत पोटरी ताणायला हवी. भिंतीला हात टेकून एक पाय मागे घ्या, टाच जमिनीवर दाबून अर्धा मिनिट थांबा, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून, कारण पोटरीत दोन मुख्य स्नायू आहेत. दोन्ही पायांना तीन-तीन वेळा, रोज. ताण जाणवावा, कळ येऊ नये.

नवी चप्पल संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. कागदावर उभं राहून पायाची आकृती काढा आणि तिच्यावर जोडा ठेवा; आकृती बाहेर डोकावत असेल तर उंची कितीही कमी असो, तो परत द्या. आणि सहा-आठ आठवडे ताणूनही सकाळच्या पहिल्या पावलाला टाच ठणकत असेल किंवा बोटं बधिर होत असतील, तर हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला पाय दाखवा. जाताना रोजची चप्पलही सोबत न्या.