व्हिडिओ चढला, वर्दी पोचली

यूट्यूबवरच्या प्रत्येक चॅनेलची एक सार्वजनिक फीड असते. तिच्यात सर्वांत ताज्या 15 व्हिडिओंची शीर्षकं, ओळखक्रमांक आणि वर्णनं मिळतात. स्वयंचलित घोषणा करणारा छोटा प्रोग्राम हीच फीड ठरावीक वेळाने वाचतो आणि नवा ओळखक्रमांक दिसला की टेलिग्रामसारख्या ठिकाणी संदेश टाकतो.

प्रकरणं तो वर्णनातूनच उचलतो. समजा, पुरणपोळीच्या व्हिडिओखाली असं लिहिलंय:

```
0:00 साहित्य
1:20 पुरण शिजवणे
4:35 पोळी लाटणे
```

ओळीच्या सुरुवातीला वेळ असली की ते प्रकरण. 4:35 म्हणजे 275 सेकंद. व्हिडिओच्या दुव्याला `&t=275s` जोडलं की वाचक थेट लाटण्यापाशी पोचतो. `https://`ने सुरू होणारे पत्ते वेगळे काढून खाली दिले जातात.

मात्र यूट्यूबचीही अट आहे: पहिली वेळ 0:00 हवी, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक प्रकरण निदान 10 सेकंदांचं हवं.

खरी गडबड नंतर होते. व्हिडिओ चढवताना वर्णन अनेकदा अर्धवट असतं, प्रकरणं तासाभराने लिहिली जातात. म्हणून प्रोग्रामने ओळखक्रमांक जपून ठेवावा आणि वर्णन बदललं की नवी घोषणा न करता जुनाच संदेश दुरुस्त करावा.