न उच्चारलेलं ‘मला’

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी आठ बायकांच्या मुलाखती घेतल्या. आठही जणी घरात स्मृतिभ्रंश झालेल्या सासूचं किंवा आईचं करणाऱ्या. तासाभराचं रेकॉर्डिंग कागदावर उतरवायला पाच-सहा तास लागायचे. त्यानंतर व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनी २००६मध्ये मांडलेल्या पद्धतीनं थीमॅटिक ॲनालिसिस करायचं होतं. आधी वाचन, मग कोडिंग, मग कोड जुळवून थीम बांधायच्या, त्या मूळ मुलाखतींवर तपासायच्या, त्यांना नावं द्यायची आणि शेवटी लिहायचं.

मी अडकले ती कोडिंगमध्ये. एक ताई म्हणाल्या होत्या, “रात्री तीनदा उठावं लागतं. कपडे बदलावे लागतात. आता सवय झालीय, त्रास असा नाही.” मी समासात लिहिलं : ‘झोपमोड’, ‘सवय’. मार्गदर्शक मॅडमनी मजकुरावर हात ठेवला आणि विचारलं, “आता नुसते कोड वाच. बाई काय म्हणाली ते कळतं का?” कळत नव्हतं. ‘सवय’ खोडून मी ‘त्रासाला सवय म्हणणं’ असं लिहिलं, तेव्हा कुठे तो कोड बोलू लागला.

प्रबंध इंग्रजीत असल्यामुळे कोडिंग मी भाषांतरावरच करत होते. तिथे प्रत्येक वाक्यात ‘आय’ घालावा लागत होता. मूळ मराठी पुन्हा काढलं तर ताईंनी ‘मला’ एकदाही म्हटलेलं नव्हतं. उठावं लागतं, पण कुणाला, ते वाक्यात नाहीच. तेव्हापासून कोडिंग मराठीवरच केलं, भाषांतर फक्त अवतरणांपुरतं.

पण आपण सगळेच बोलताना ‘मला’ गाळतो, त्यामुळे एवढ्यावर थीम उभी राहत नाही. म्हणून त्याच ताईंचा नोकरीबद्दलचा भाग काढला. तिथे, “मी शिकवायचे, मी पगार आणायचे.” ‘मी’ ठसठशीत. पहिल्या सातही मुलाखतींत असे दोन-दोन उतारे शेजारी ठेवले, तेव्हा पाच जणींकडे हाच फरक दिसला.

तोवर माझी लाडकी थीम होती ‘अडचणी’. तिच्याखालचे सगळे उतारे एकत्र वाचले तर पैसा, झोप, नातेवाईक असं काहीही त्यात पडलेलं. विषय एक, पण त्यांना बांधणारा अर्थ नाही. तसलं गाठोडं म्हणजे थीम नव्हे. ते मी सोडलं आणि ‘कामात स्वतःला न मोजणं’ अशी नवी थीम बांधली.

आठवी मुलाखत मात्र तिच्यात बसेना. त्या काकू म्हणत होत्या, “मी करते. मला करायचंय आईचं.” त्या आईचं करत होत्या, आणि नवी थीम दिसलेल्या पाचही जणी सासूचं. एका मुलाखतीवरून नात्याचा नियम काढता येत नाही, पण ती वगळणंही खोटेपणाचं झालं असतं. थीमच्या व्याख्येत मी ‘सासूचं करताना’ हे दोन शब्द घातले, आणि काकूंचा उतारा त्याच प्रकरणात पूर्ण छापला.