आधी उतरायचं की मागून यायचं? किर्लोस्कर आणि कूपर यांची गोष्ट

आपल्या बॅचमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, हा धंदा कराडमध्ये अजून कुणीच करत नाही. मी पहिला उतरू का?" गंमत म्हणजे लगेच दुसरा कोणीतरी म्हणतो, "नको, आधी कुणीतरी करू दे, चालला तर आपण करू." दोघंही बरोबर असू शकतात. कोण कधी बरोबर, हे समजायला आपल्याच भागातली एक जुनी केस बघू. कराडच्या एका बाजूला किर्लोस्करवाडी, दुसऱ्या बाजूला कोरेगाव तालुक्यातलं सातारारोड. या दोन गावांतल्या कारखान्यांनी हे दोन्ही डाव खेळले, आणि दुसऱ्या वेळी भूमिका उलट्या झाल्या.

पहिला डाव: लोखंडी नांगर

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात 1888 मध्ये सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली. पुढे कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर. आज लोखंडी नांगर म्हटलं की त्यात काय नवीन, असं वाटतं. तेव्हा शेतकऱ्याकडे लाकडी नांगर होता. तो गावचा सुतार करून देत होता, दुरुस्तही करत होता. शिवाय लोखंडामुळे जमीन विषारी होते, असा समज होता. माल तयार होता, पण पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली, असं सांगतात.

ही दोन वर्षं म्हणजे फर्स्ट मूव्हरचं खरं भांडवल. बाजारात मागणी नव्हती, ती तयार करावी लागली. आणि एकदा शेतकऱ्याला कळलं की लोखंडी नांगराने जमीन खराब होत नाही, उलट खोल नांगरट होते, तर ते ज्ञान किर्लोस्करांच्या मालकीचं राहिलं नाही. पुढे नांगर बनवणाऱ्या कुणालाही ते फुकट मिळणार होतं.

तसंच झालं. 1910 मध्ये औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या जागेवर कुंडल रोड स्टेशनजवळ किर्लोस्करवाडी उभी राहिली. 1922 मध्ये धनजीशा कूपर यांनी सातारारोडला कारखाना काढला, आणि सुरुवातीच्या मालात लोखंडी नांगरही होते. लोखंड जमिनीला विष नाही, हे त्यांना शून्यापासून पटवावं लागलं नाही.

मग किर्लोस्कर संपले का? नाही. आता बघा, का नाही. नांगराचा फाळ झिजतो. नांगर एकदा विकला जातो, फाळ पुन्हा पुन्हा लागतो. नांगर ज्याचा, फाळही त्याच्याच मापाचा, म्हणजे शेतकरी परत त्याच दुकानात येतो. दुसरं, नाव. 1920 मध्ये वाडीतून 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू झालं, ते पुढे 'किर्लोस्कर' म्हणून महाराष्ट्रभर वाचलं गेलं. म्हणजे आधी येऊन त्यांनी नुसती विक्री केली नाही, गिऱ्हाईक परत येईल अशा दोन दोऱ्या बांधल्या.

दुसरा डाव: डिझेल इंजिन

आता भूमिका उलटतात. भारतातलं पहिलं डिझेल इंजिन बनवल्याचा मान कूपर कारखान्याला दिला जातो, आणि तो काळ 1930 च्या दशकाच्या सुरुवातीचा. तांत्रिकदृष्ट्या ही नांगरापेक्षा कितीतरी मोठी उडी होती. पण वेळ बघा. 1929 नंतरची जागतिक मंदी, शेतमालाचे भाव पडलेले. विहिरीवर इंजिन बसवायला शेतकऱ्याकडे रोकड कुठून येणार? पुढे 1940 मध्ये कूपर इंजिनीअरिंग वालचंद समूहाकडे गेली.

किर्लोस्कर या बाजारात मोठ्या तयारीने उतरले ते 1946 मध्ये, पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स काढून. म्हणजे दहा वर्षांहून जास्त मागून. पण तोवर ते पंप विकत होते, आणि पंपाला चालवायला इंजिन लागतंच. गिऱ्हाईक तयार, विक्रेते तयार, नाव तयार. युद्धानंतर धान्य वाढवायचं होतं, विहिरीवरच्या पाण्याची गरज वाढली होती. आज कुठल्याही गावात जुन्या इंजिनाचं नाव विचारलं तर बहुधा किर्लोस्कर येतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. 'फास्ट फॉलोअर' म्हणजे पहिल्याच्या पाठोपाठ धावणारा असं नाही. मागणी पक्की दिसली की कमी वेळात मोठा माल काढू शकणारा, तो फास्ट. फक्त "मागून येऊ" म्हणून बसलेला माणूस फॉलोअर नसतो, तो नुसता बघ्या असतो.

आता तुमचा हिशेब

समजा, तुम्ही उसावर ड्रोनने फवारणीची सेवा तुमच्या भागात पहिल्यांदा देताय. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमचे स्वतः काढा. लोकांना पटवायला 40 शेतांत फुकट प्रात्यक्षिक दाखवलं. एकाला प्रवास, मदतनीस, औषध, वेळ धरून 700 रुपये. झाले 28,000. त्यातले 12 जण गिऱ्हाईक झाले. प्रत्येकाचे 3 एकर, वर्षात 3 फवारण्या, एकरी 200 रुपये सुटले तर एका गिऱ्हाइकामागे वर्षाला 1,800. बारांचे 21,600. म्हणजे फक्त शिकवण्याचा खर्च वसूल व्हायला साधारण 16 महिने. ड्रोनचा हप्ता वेगळाच.

सहाव्या महिन्यात शेजारच्या गावातला पोरगा ड्रोन घेऊन आला. तुम्ही प्रात्यक्षिक दाखवलेले पण न आलेले 28 शेतकरी आता त्याला फुकट मिळतात, कारण ड्रोनने फवारणी होते हे त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. त्याने एकरी दर 50 रुपयांनी कमी केला आणि तुमचे 4 जण गेले, तर तुमचे 16 महिने 20 वर जातात.

म्हणून उतरण्याआधी तीन प्रश्न कागदावर लिहा.

1. शिकवण्याचा खर्च किती, आणि किती महिन्यांत निघेल? प्रतिस्पर्धी यायला लागणारा वेळ यापेक्षा कमी असेल, तर पहिलं उतरणं म्हणजे दुसऱ्याची जाहिरात.

2. तुमचा 'फाळ' कोणता? वरच्या उदाहरणात प्रत्येक शेताची नोंद: कधी लागण, कधी फवारणी, कोणतं औषध, किती मात्रा. पुढच्या फवारणीच्या आठ दिवस आधी तुमचा फोन गेला, तर 50 रुपयांसाठी सगळे जात नाहीत. असा फाळ सापडत नसेल तर पहिलं उतरू नका.

3. मागून यायचं तर तयारी काय? आज तुमच्याकडे त्याच गिऱ्हाइकाला विकायचं दुसरं काही आहे का? कृषी सेवा केंद्रवाल्याने ड्रोनसाठी दोन वर्षं थांबलं तरी चालतं, त्याचं गिऱ्हाईक रोज दुकानात येतं. तुमच्याकडे असं काहीच नसेल, तर थांबून फायदा नाही.

एक मर्यादाही सांगतो. कूपर आणि किर्लोस्कर यांच्यात फक्त आधी-नंतर एवढाच फरक नव्हता. भांडवल, मंदी, युद्ध सगळंच मध्ये आलं. त्यामुळे "मागून येणाराच जिंकतो" असा नियम यातून काढू नका. नांगरात आधी येणारा टिकला, इंजिनात मागून येणारा पुढे गेला, आणि दोन्ही वेळा गिऱ्हाईक ज्याच्याकडे परत येत होतं तो उभा राहिला.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या धंद्याचा 'फाळ' एका वाक्यात लिहा. वाक्य होत नसेल, तर कर्जाचा अर्ज अजून थोडे दिवस ठेवून द्या. भेटू पुढच्या व्हिडिओत!